पाहिजे तर

जुलैतला शनिवार होता. दवाखान्यातून सुटून मी बेळगावच्या खडेबाजारातून चालत निघाले होते. नुकतीच एक सर येऊन गेल्यामुळे दुकानांच्या ताडपत्र्यांतून पाणी ठिबकत होतं. कोथिंबिरीची एक जुडी, पाव किलो हिरव्या मिरच्या आणि चार लिंबं घेतली. माझ्या हातात छत्री आणि डबा पाहून भाजीवाला म्हणाला, "पिशवी पाहिजे तर देतो की ओ, पाच रुपये." मी म्हटलं, "नको, राहू दे." कोथिंबीर छत्रीच्या दांड्याला टेकवून कशीबशी धरली, चार पावलं पुढे गेले आणि थांबले. मागून येणारा स्कूटरवाला कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत वळसा घालून गेला.

पिशवी पाहिजे तर.

हेच तीन शब्द त्याच दिवशी दुपारी मी स्वतः उच्चारले होते. फक्त ती पिशवी कापडाची नव्हती.

मी दवाखान्यात नक्की काय करते हे आमच्या घरी अजून कुणाला नीट सांगता येत नाही. ओळखपत्रावर 'पेशंट कोऑर्डिनेटर' असं छापलंय. नर्सेस म्हणतात, "मराठी पेशंट आलाय, अक्कांना बोलवा." डॉक्टर धारवाडकडचे, गदगकडचे, कुणी मंगळूरचे. पेशंट मात्र खानापूर, निपाणी, चंदगडकडून आलेले. एरवी ही मधली जागा जो हाताशी असेल तो भरतो. कधी झाडूवाली मावशी, कधी पेशंटचा आठवीतला भाचा, कधी शेजारच्या कॉटवरची बाई. माझी मराठी शाळेतली आणि कन्नड गल्लीतलं. दोन्ही येतात म्हणून सहा वर्षांपूर्वी मला या खुर्चीवर बसवलं आणि मी बसले.

त्या दुपारी ज्या बाईंसाठी मला बोलावलं त्या खानापूर तालुक्यातल्या. वय छत्तीस, एक मुलगी, नवरा गोव्यात कामाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, शब्द मात्र बदललेले नाहीत. गर्भाशयाच्या भिंतीत सात सेंटिमीटरची एक गाठ होती आणि शेजारी एक लहान. पाळीत इतकं रक्त जायचं की पहिल्यांदा आल्या तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात होतं. लोहाची इंजेक्शनं घेऊन ते दहाच्या वर आणलं होतं. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. पोट उघडून गाठी काढायच्या आणि गर्भाशय ठेवायचं, कारण त्यांना अजून एक मूल हवं होतं. आमच्याकडे गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. कन्नडमध्येही तसंच, गर्भचीला. चीला म्हणजे पिशवी.

डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत. घाईत असतात, पण समजावून सांगतात. गाठ कुठं आहे ते त्यांनी पॅडवर नासपतीसारखं चित्र काढून दाखवलं. रक्त किती जाऊ शकतं ते सांगितलं आणि मग म्हणाल्या, "रक्त निल्ललिल्लंद्र, बेकाद्र गर्भचीला तगीतीवि." मी लगेच बाईंकडे वळून म्हणाले, "रक्त थांबलं नाही तर, पाहिजे तर पिशवी काढू म्हणतात." बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान हलवली. बाई म्हणाल्या, "ते मागनं बघू की." मी मॅडमना सांगितलं, "आमेले नोडोण अंतार." मॅडमनी बरं म्हणून फॉर्म पुढे सरकवला. कन्नड छापील मजकुराखाली बाईंनी देवनागरीत, एकेक अक्षर दाबून सही केली. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं. खोलीत फिनेलचा आणि ओल्या छत्र्यांचा वास होता. भिंतीवरचा पंखा मान फिरवताना दरवेळी एका जागी अडखळत होता. मला आठवतंय, बाई "मागनं बघू" म्हणाल्या तेव्हा आत काहीतरी खटकलं होतं. पंख्यासारखंच, क्षणभर. मग ते पुढं गेलं.

कन्नडमधला 'बेकु' दुतोंडी आहे. चहा बेकु म्हणजे चहा हवा आणि होगबेकु म्हणजे जायलाच हवं. इच्छाही तोच आणि गरजही तोच. त्याचं 'बेकादरे', आमच्याकडचं 'बेकाद्र', म्हणजे तुम्हाला हवं असेल तर, किंवा तशी वेळ आली तर. कोणतं ते आवाजावरून आणि प्रसंगावरून ओळखायचं. मॅडमच्या मनात दुसरा अर्थ होता हे मला त्या खोलीत पक्कं माहीत होतं. त्यांनी 'तगीबेकाग्तद' म्हटलं असतं, म्हणजे काढावी लागेल, तर प्रश्नच नव्हता. पण बोलताना माणूस व्याकरण निवडत बसत नाही.

खरी चूक माझ्या बाजूची होती. मराठीत 'पाहिजे'सुद्धा तसाच दुतोंडी. पाणी पाहिजे, जायला पाहिजे. पण मराठीकडे 'लागणं' आहे. 'काढायची वेळ आली तर', 'काढावीच लागली तर', असं म्हटलं की इच्छेचा प्रश्नच उरत नाही. पुण्यातली बाई माझ्या खुर्चीवर असती तर तिच्या तोंडून आपोआप 'गरज पडली तर' आलं असतं. माझ्या तोंडून 'पाहिजे तर' आलं, कारण आमची मराठी कन्नडाच्या मांडीला मांडी लावून बसलेली. बेकु ऐकलं की पाहिजे येतं, मध्ये विचार येतच नाही. एरवी याच गुणावर माझी नोकरी चालते. म्हणजे दोन अर्थांचा एक शब्द मी दोन अर्थांच्याच दुसऱ्या शब्दात ओतला. वाटेत अर्थ सांडला नाही हे खरं, पण नेमका कोणता अर्थ पोचला ते कुणालाच कळलं नाही.

आणि वर 'मागनं बघू'.

माझी आजी कुणालाच कधी 'नाही' म्हणाली नाही. दारात कासार आला, चादरीवाला आला, कुणी लग्नाची स्थळं घेऊन आलं, सगळ्यांना तिचं एकच उत्तर, "बघू की मागनं." कासार समजून पाटी उचलायचा. तिच्या शब्दकोशात तो नकार होता, फक्त समोरच्याला बसायला पाट देऊन दिलेला. बाईंचं 'मागनं बघू' मला मराठी म्हणून कळलं होतं. पण मी त्याचं 'आमेले नोडोण' केलं, तेव्हा त्यातली आजी गळाली. मॅडमना ऐकू आलं, पुढचं पुढे बघू, म्हणजे तुमच्यावर सोडलं. बाईंना म्हणायचं असावं, नको, किंवा तेव्हा विचारा. आणि तेव्हा विचारा असं असेल, तर त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं की तेव्हा त्या गाढ भुलीत असणार आहेत.

हे सगळं मी खडेबाजारात उभ्या उभ्या ओळखलं असं नाही. घरी येऊन कुकर लावला, दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी व्हायच्या आत गॅस बंद केला आणि बसून राहिले. मनाचा एक भाग म्हणत होता, फॉर्मवर सही आहे. त्या फॉर्मवर छापलंय 'अवश्यविद्दल्लि', म्हणजे आवश्यक असल्यास. त्यात दोन अर्थ नाहीत. फायलीत मॅडमच्या हस्ताक्षरात ऑपरेशनच्या नावापुढे 'एसओएस हिस्टरेक्टमी' लिहिलेलं आहे. हिस्टरेक्टमी म्हणजे पिशवी काढणं. ते एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक नव्हे, 'गरज असेल तर' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. (हीच अक्षरं तापाच्या गोळीपुढे लिहिली की आमचे पेशंट ती 'वाटलं तर घ्यायची गोळी' समजतात. हेही तसलंच.) म्हणजे कागद चोख होता. फक्त तो कागद बाईंना वाचता येत नव्हता, आणि त्यांना जे ऐकू आलं होतं ते माझ्या तोंडून.

आम्हाला एकदा दवाखान्यात संमतीबद्दल माहिती दिली होती. तेव्हा सांगितलेला एक खटला मला त्या रात्री आठवत राहिला. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, २००८. त्या बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीला आणि जरूर पडल्यास पोट उघडायला संमती दिली होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर आईची संमती चालणार नाही. आमच्या बाईंची गोष्ट तशी नव्हती. इथं रक्त थांबलं नाही तरच काढायची होती, आणि खरोखर जिवावर बेतलं तर डॉक्टर थांबूच शकत नाहीत. पण मला ती बाहेर बसलेली आई दिसत होती आणि तिच्या जागी मान हलवणारी वहिनी.

बाईंना वॉर्डात परस्पर जाऊन विचारावं, असं मनात आलं. सोपं होतं ते. कॉट नंबर माहीत होता, भाषा माझीच होती. पण तसं करायचं नसतं. मी समजावायला बसले तर ऑपरेशनबद्दल बाईंना जे कळेल ते माझं असेल, डॉक्टरांचं नसेल. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, रक्त थांबवायला आधी काय काय करतात, तर मी काय सांगणार? आणि मी त्यांना विचारून मॅडमना 'झालं, कळलं त्यांना' असा निरोप दिला, तर तो पुन्हा माझ्याच तोंडचा निरोप. खरं तर खोलीतच हात वर करून म्हणायला हवं होतं, मॅडम, या शब्दाचे दोन अर्थ होतात, कोणता सांगू? ते मी केलं नाही. आता उरली चिठ्ठी.

ती चिठ्ठी लिहायला मला दीड तास लागला. पहिला प्रश्न भाषेचा. मॅडमना मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत लिहिलं तर ज्या शब्दावर सगळं अडलंय तोच हरवतो. म्हणून कन्नडमध्ये लिहिली, आणि बाईंचे शब्द देवनागरीत, खाली त्यांचा कन्नड उच्चार. माझं कन्नड अक्षर दुसरीतल्या पोरासारखं गोल गोल येतं. पहिल्या कागदावर मी बाईंची घरची परिस्थिती, सासूचा धाक, मुलाची आस, सगळं लिहून काढलं आणि तो फाडला. त्यातलं काहीच मला माहीत नव्हतं, ते मला वाटत होतं. दुसऱ्या कागदावर इतक्या वेळा माफी मागितली होती की मुद्दा चौथ्या ओळीत सुरू होत होता. तोही फाडला. तिसऱ्यात 'तगी'बद्दलही लिहिलं होतं. कन्नडमध्ये दार तगी म्हणजे उघड आणि अंगी तगी म्हणजे उतरव, तेव्हा चीला तगी म्हणजे उघडणं की काढणं, वगैरे. ते खरं होतं, पण मी मराठीत स्पष्ट 'काढू' म्हटलं होतं, मग तो गोंधळ इथं झालाच नव्हता. हुशारी दाखवायचा मोह होता तो. खोडला. शेवटी उरली ती एवढीच:

"मॅडम, कॉट नंबर अमुक, सोमवारचं ऑपरेशन. आज संमतीच्या वेळी आपण 'बेकाद्र गर्भचीला तगीतीवि' म्हणालात. मी मराठीत 'पाहिजे तर पिशवी काढू' असं सांगितलं. याचे मराठीत दोन अर्थ होतात : एक, गरज पडली तर काढू, दोन, तुम्हाला हवं असेल तर काढू. मी एकच अर्थ राहील असा शब्द वापरायला हवा होता. पेशंट 'ते मागनं बघू की' म्हणाल्या. मी 'आमेले नोडोण' सांगितलं. मराठीत हा बऱ्याचदा सौम्य नकार असतो, किंवा 'त्या वेळी मला विचारा' असाही असू शकतो. त्यांना कोणता अर्थ कळला आणि त्यांनी कोणतं उत्तर दिलं, हे मला माहीत नाही. मी त्यांच्याशी यावर बोललेले नाही. ऑपरेशनच्या आधी आपण हा एक मुद्दा पुन्हा विचारावा अशी विनंती. मी उद्या साडेआठपासून वॉर्डात आहे."

मोबाईलवर फोटो काढून पाठवावा का, असं वाटलं. पण पेशंटची गोष्ट फोनवर नको. आणि फोनवरचा निरोप वर सरकून जातो, कागद फायलीत राहतो.

रविवारी सकाळी राउंडच्या आधी मॅडमना जिन्यात गाठलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. कपाळावर आठी आली. "सही आगेदला?" म्हणाल्या. सही झाली आहे ना. मी म्हटलं, हो मॅडम, सही झाली आहे. आणखी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर आवाज कापला असता. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. या वेळी ओठ हलत होते. 'बेकाद्र' स्वतःशीच दोनदा म्हणाल्या, दोन वेगळ्या सुरांत. मग चिठ्ठीची घडी घालून कोटाच्या खिशात टाकली आणि चला म्हणाल्या. त्यांना राग आला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. माझ्यावर नसेल, पण सकाळच्या कामात एक काम वाढल्याचा असेलच.

बाई कॉटवर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. वहिनीला मॅडमनी जरा बाहेर थांबायला सांगितलं. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. आदल्या दिवशी त्या उभ्या होत्या, हे मला तेव्हा लक्षात आलं. 'समजलं का' असं त्यांनी विचारलं नाही. त्या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, हो. त्या म्हणाल्या, काल मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, म्हणून तुम्हीच मला सांगा, ऑपरेशन चालू असताना रक्त थांबेना झालं तर आम्ही काय करणार? मी शब्दाला शब्द ठेवून मराठीत सांगितलं.

बाईंनी बिस्किट खाली ठेवलं. "टाके घालणार," म्हणाल्या. "आणि नाहीच थांबलं तर मला विचारणार, पिशवी ठेवायची का काढायची ते."

"आणि तुम्ही काय सांगणार?"

"ठेवा म्हणणार की."

मी ते कन्नडमध्ये सांगितलं. मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्या शांततेत माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं मला जाणवत होतं. मग त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं आणि छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं. तुम्हाला पूर्ण भूल असेल, तेव्हा विचारता येणार नाही, म्हणून आज विचारतेय. गाठ काढायच्या आधी रक्तवाहिन्या आवळणारं इंजेक्शन देतो. पिशवीच्या मुळाशी रबरी नळी बांधून रक्त कमी करतो. दोन बाटल्या रक्त तयार ठेवलंय. थरावर थर टाके घालतो. तरी थांबलं नाही तर पिशवीकडे येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या बांधतो. बहुतेक वेळा यातच थांबतं. हे सगळं करूनही थांबलं नाही, असं क्वचित होतं. तेव्हा पिशवी काढली नाही तर जीव जाईल. या वेळी मॅडम 'बेकाद्र' म्हणाल्या नाहीत आणि मी 'पाहिजे तर' म्हणाले नाही. 'काढावी लागेल' हे दोन शब्द बोलताना मला ते तोंडात जड लागले. काल 'पाहिजे तर' इतकं हलकं कसं होतं?

बाईंनी विचारलं, मग पोर होणार नाही ना? मॅडम म्हणाल्या, नाही. बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. तिथं काही नव्हतं, पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेले दोन कावळे. त्यांनी नवऱ्याला फोन लावून मागितला. तो गोव्यात कुठल्यातरी साइटवर होता, मागं यंत्राचा आवाज येत होता. त्यांचं बोलणं माझ्या कामाचं नव्हतं, म्हणून मी दोन कॉट पलीकडे जाऊन उभी राहिले. फोन ठेवून त्यांनी मला हात केला.

"त्यास्नी सांगा," त्या म्हणाल्या, "जीव जायला लागला तर काढा. पण बरं पडतंय म्हणून नको. परत गाठ येईल म्हणून पण नको. जीव जायला लागला तरच."

मी सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मॅडमनी त्याच फॉर्मच्या रिकाम्या जागेत ते वाक्य माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं आणि खाली कन्नडमध्ये स्वतः लिहिलं. मी बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी 'तरच'वर बोट ठेवून विचारलं, "हे लिवलंय न्हवं?" मग पुन्हा सही केली, मॅडमनी केली, साक्षीदार म्हणून नर्सनं केली. जाताना मॅडम मला म्हणाल्या, पुढच्या वेळी खोलीतच थांबव मला. मी हो म्हटलं. त्यानंतर मी त्यांना चार वेळा थांबवलंय. दोनदा त्यांच्या कपाळावर तीच आठी आली.

सोमवारी ऑपरेशनला अडीच तास लागले. रक्ताची एक बाटली चढवली. पिशवी राहिली. पण राहिली नसती तरी ही गोष्ट मी अशीच लिहिली असती का, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

टाके बघायला बाई आल्या तेव्हा ऑगस्ट लागला होता. लाल मातीचे शिंतोडे साडीच्या काठावर तसेच. डब्यात घरच्या तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या आणि मिरचीचा खर्डा आणला होता, माझ्यासाठी. निघताना म्हणाल्या, "गणपतीला यायला पाहिजे बघा घरला." रजा मिळणार नव्हती, खानापूरच्या पुढं तासभराची एसटी, शिवाय पेशंटच्या घरी जावं की नाही हाही प्रश्न. मी हसून म्हटलं, "बघू की मागनं."

त्या दारात थांबल्या. माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "म्हंजे येनार न्हाई होय?"